वर्गाबाहेर काढल्याने कोणाचे फावते?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात माळशेजच्या बाजूने धो धो पाऊस येत असताना टोकावड्याच्या दवाखान्यात एक शिक्षिका आल्या. घसा बसला होता. तपासून गोळ्या लिहून देत होतो तेवढ्यात त्या म्हणाल्या, "डॉक्टर, माझ्या घशाचं राहू द्या. ज्याच्यामुळे घसा बसला त्याला काही औषध द्या. जरा सुस्त राहील असं." जवळच्याच एका वाडीवरच्या शाळेत त्या तिसरी-चौथीचे वर्ग एकत्र घेतात. मुले एकतीस. त्यात चौथीतला एक मुलगा असा की सगळा वर्ग डोक्यावर घेतो. आपण त्याला रघू म्हणू. खरे नाव अर्थातच वेगळे आहे.

रघू काय करतो? मध्येच कोल्ह्यासारखा ओरडतो. जागा सोडून दुसऱ्याची वही ओढतो. पोरे हसतात, धडा थांबतो. बाईंनी समजावून पाहिले, रागावून पाहिले, शेवटी व्हरांड्यात उभे करायला सुरुवात केली. बापाला बोलावले तर तो म्हणाला, याला शाळेचा उपयोग नाही, दिवाळीनंतर भट्टीवर नेतो.

मी औषध दिले नाही. नुसते सुस्त करण्यासाठी मुलाला औषध देणे हा वैद्यकीय गुन्हाच म्हणायला हवा. अतिचंचलपणाचा विकार नावाची गोष्ट खरी आहे, तिला औषधेही आहेत. पण तो विकार घरी, दारी, शाळेत, एकाहून अधिक ठिकाणी आणि निदान सहा महिने दिसावा लागतो, आणि ते औषध बालरोगतज्ज्ञाने किंवा मनोविकारतज्ज्ञाने तपासून द्यायचे असते. बाईंना मी एवढेच विचारले, "तो दिवसातून किती वेळा असं करतो?" त्या म्हणाल्या, "सतत."

वाचकहो, या 'सतत'वरच माझा आक्षेप आहे आणि आजचा लेख त्यासाठीच आहे. ताप सतत असतो असे कोणी म्हटले तर आम्ही तापमापी लावतो. वागणुकीला मात्र आपण तापमापी लावत नाही, थेट निदान करतो: वाह्यात, हट्टी, वाडीवरचा, बापावर गेलेला. आणि निदान झाले की लगेच शिक्षा.

आधी शरीराचे पाहिले पाहिजे, म्हणून मुलाला आणायला सांगितले. डावा कान वाहत होता. पावसाळ्यात आमच्याकडे हे फार दिसते. त्या कानाने त्याला कमी ऐकू येत होते, आणि वर्गात तो उजवा कान भिंतीकडे करून बसत असे, म्हणजे चांगला कान वाया. कान कोरडा करायला शिकवले, थेंब दिले, घरी तेल घालायचे बंद करायला सांगितले (हे मी वर्षानुवर्षे सांगतो आहे, तरी तेलाची बाटली घरातून जात नाही), आणि बाईंना त्याची जागा बदलायला सांगितली. डोळे ठीक होते. टक लावून पाहत मध्येच हरवून जाण्याचे, म्हणजे एका प्रकारच्या फिटचे, लक्षण नव्हते. डोळ्यांखालचा फिकटपणा पाहून जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. कान तीन आठवड्यांत सुकला. धिंगाणा मात्र कानाबरोबर सुकला नाही. वागणुकीचे कारण शरीरात सापडले तर उत्तमच, पण शरीरात काहीतरी सापडले म्हणजे तेच कारण होते असे होत नाही.

दरम्यान बाईंनी वही घातली होती. ही वही कशी घालायची ते सविस्तर सांगतो, कारण अर्धी लढाई तिथेच आहे.

पहिले म्हणजे काय मोजायचे ते ठरवायचे. 'मस्ती' मोजता येत नाही. आज बाईंचे डोके दुखत असेल तर मस्ती जास्त, पगार झाला असेल तर कमी. म्हणून दोनच गोष्टी ठरवल्या. एक, धडा चालू असताना मोठ्याने आवाज काढणे. दोन, जागा सोडून दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणे. चुळबुळ, खिडकीबाहेर बघणे, पेन्सिल चावणे हे मोजायचे नाही. शेजारच्या वर्गातले गुरुजी दारात उभे राहून मोजतील तर त्यांचाही आकडा तोच आला पाहिजे, ही कसोटी.

दुसरे, प्रत्येक वेळी चार गोष्टी लिहायच्या: किती वाजता, त्याच्या लगेच आधी काय चालले होते, त्याने काय केले, आणि त्याच्यानंतर त्याला काय मिळाले. शेवटचा रकाना बहुतेक लोक विसरतात, आणि खरी मेख त्याच रकान्यात असते. लिहिताना "त्याला वाचायचा कंटाळा आला" असे लिहायचे नाही. कंटाळा दिसत नाही. दिसते ते लिहायचे: "प्रकट वाचन चालू होते."

सोमवार ते शुक्रवार पाच दिवसांत तेवीस नोंदी झाल्या. 'सतत' म्हणजे दिवसाला चार-पाच वेळा. एवढे कळताच बाईंचा अर्धा राग उतरला असे त्यांनीच सांगितले. त्या तेविसांपैकी सोळा नोंदी मराठीच्या प्रकट वाचनाच्या किंवा फळ्यावरून परिच्छेद उतरवण्याच्या वेळच्या. चार बारा ते एकच्या दरम्यानच्या, खिचडीच्या सुट्टीआधीच्या. उरलेल्या तीन इकडच्या तिकडच्या. तोंडी गणिताला, गाण्यांना, मैदानावर एकही नाही. पोटातच चंचलपणा भरलेला मुलगा तोंडी गणिताला पाच दिवस गप्प का बसावा?

शेवटचा रकाना पाहिला. तेवीसपैकी सतरा वेळा त्याला व्हरांड्यात पाठवले होते किंवा पाणी आणायला पिटाळले होते. म्हणजे वाचन आले की आवाज, आवाज झाला की बाहेर, आणि बाहेर गेला की वाचन टळले. आपण समजत होतो की शिक्षा देतो आहोत. त्याच्या बाजूने पाहिले तर ती सुटका होती. व्हरांड्यात गार वारा, समोर पाऊस, डोक्यावर धडा नाही.

बाईंना स्वतःलाच आणखी एक गोष्ट दिसली. वर्गात ओळीने वाचायला सांगत. रघूच्या आधीची दोन-तीन मुले उरली की कोल्हा ओरडायचा. त्याची पाळी होऊन गेल्यावर, म्हणजे टळल्यावर, तो निवांत. मी त्याला दवाखान्यात तिसरीचे पुस्तक दिले. सुटी अक्षरे आली, 'कमळ', 'गवत' वाचले, काना आणि वेलांटीपर्यंत अडखळत गेला, आणि जोडाक्षर आले तसे पुस्तक मिटून हसत म्हणाला, "नाही येत." दुसरीचे आणि तिसरीचे अर्धे अर्धे वर्ष आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले. जूनमध्ये परत यायचे तेव्हा वर्ग पुढे गेलेला, रघू तिथेच. चौथीतल्या दहा वर्षांच्या मुलाने बारक्या बहिणीसमोर अडखळत वाचायचे. त्यापेक्षा कोल्हा होणे बरे. तुम्ही-आम्ही त्या जागी असतो तर काय केले असते?

निमित्त असे सापडले की योजना करणे सोपे होते. सोपे म्हणजे समजायला सोपे, करायला नाही.

आधी निमित्तच हलके केले. वाचन ओळीने घेणे बंद केले. रघूला आदल्या दिवशीच सांगायचे की उद्या तुझ्या या दोन ओळी, आणि त्या दोन ओळी त्याला झेपतील अशाच निवडायच्या. खिचडीनंतरच्या सुट्टीत त्या बाईंसमोर एकट्याने वाचायच्या. वर्गासमोर वाचन पहिले दोन आठवडे नाहीच. फळ्यावरचा पूर्ण परिच्छेद उतरवण्याऐवजी त्यातली तीन वाक्ये. हे लाड नव्हेत. मोडलेल्या पायावर आपण आधी प्लास्टर घालतो, लगेच पळायला लावत नाही. दुपारच्या त्या चार नोंदींचे कारण पोटात निघाले. आवणीचे दिवस, आई पहाटे शेतावर, हा काळा चहा पिऊन शाळेत. रात्रीची भाकरी झाकून ठेवायला आईला सांगितले. पुढच्या आठवड्यात चारची एक झाली.

पण निमित्ते संपूर्ण काढता येत नाहीत. वाचायला तर शिकलेच पाहिजे. म्हणून दुसरा भाग: अडचण आली की ओरडण्याऐवजी त्याने काय करायचे? इथे आमची पहिली चूक झाली. आम्ही ठरवले, "हाताची घडी घालून शांत बसायचे." तीन दिवसांत ते फसले. फसणारच. या शास्त्रातल्या लोकांचा एक खोचक ठोकताळा आहे की जे मढेसुद्धा करू शकते ते वागणे शिकवायला जाऊ नये. शांत बसून रघूची अडचण सुटत नव्हती. ओरडल्याने सुटत होती.

अमेरिकेत एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या दोघांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेले काम या बाबतीत मोलाचे आहे. विकासात मागे असलेली आणि वर्गात गोंधळ घालणारी चार मुले त्यांनी घेतली. काही मुले काम अवघड झाले की गोंधळ घालत, काही शिक्षकाचे लक्ष कमी झाले की. ज्याला काम अवघड जाते त्याला "मला समजत नाही" असे म्हणायला शिकवले आणि तसे म्हणताच मदत दिली. ज्याला लक्ष हवे त्याला "मी नीट करतोय ना?" असे विचारायला शिकवले आणि विचारताच शाबासकी दिली. गोंधळ उतरला. मात्र वाक्यांची अदलाबदल केली, लक्ष हवे असलेल्याला "समजत नाही" शिकवले, की काही फरक पडेना. म्हणजे नवे वागणे नुसते चांगले असून भागत नाही; जुन्या वागण्याने जे मिळत होते तेच त्याने मिळाले पाहिजे, आणि अधिक लवकर मिळाले पाहिजे.

मग आम्ही रघूला एक लाल खडा दिला. ओढ्यातला, त्यानेच निवडलेला. वाचताना किंवा लिहिताना अडले की खडा पाटीवर ठेवायचा. बाईंनी दिसताक्षणी जवळ जाऊन एक शब्द सांगायचा. फारच जड झाले तर खडा हातात घेऊन उभे राहायचे. म्हणजे "मला थोडे थांबू द्या". बाईंनी मान हलवली की माठापाशी जाऊन पाणी प्यायचे आणि दोन मिनिटांत परत जागेवर यायचे. बोलून सांगायला तो लाजत होता, म्हणून खडा. आधी शनिवारी वर्ग सुटल्यावर, कोणी नसताना, दहा-बारा वेळा सराव करून घेतला. आग लागल्यावर विहीर खणायची नाही, तसे डोके तापल्यावर नवे वागणे शिकवायचे नाही.

काही वाचक म्हणतील, म्हणजे मागेल तेव्हा सुटका? हो, सुरुवातीला मागेल तेव्हा. पहिल्याच आठवड्यात एका दिवशी त्याने खडा अकरा वेळा ठेवला. बाई वैतागून मला म्हणाल्या, "ओरडणं परवडलं." मी म्हटले, "बाई, अकरा वेळा त्यानं मदत मागितली. मागच्या वर्षी किती वेळा मागितली होती?" तिसऱ्या आठवड्यापासून मर्यादा घातली: रोज सकाळी पाच चिंचोके, खडा एकदा ठेवला की एक चिंचोका बाईंकडे. पुढे पाचाचे चार झाले. ही मर्यादा पहिल्या दिवशी घातली असती तर तो पुन्हा कोल्ह्याकडे गेला असता.

आणि तरीही ओरडला तर? तर बाहेर पाठवायचे नाही. डोळे वटारायचे नाहीत, भाषण नाही. खड्याकडे बोट दाखवायचे, काम थोडे कमी करायचे, पण काम समोर ठेवायचे. कोणाला मारले, चावले तर गोष्ट वेगळी. तेव्हा मुलांना दूर करायचे, तिथे प्रयोग चालत नाही.

इथे सगळ्यांत मोठा धोका आहे आणि बहुतेक योजना इथेच मरतात. जे नाणे चालत होते ते अचानक चालेनासे झाले की माणूस आधी ते जोरात आपटून पाहतो. पहिल्या आठवड्यात नोंदी तेवीसवरून एकतीसवर गेल्या. बुधवारी तर एकाच दिवसात दहा. शेजारचे गुरुजी म्हणाले, डॉक्टरच्या नादाने पोरगं पार बिघडलं. त्या दिवशी बाईंनी हताश होऊन त्याला बाहेर काढले असते तर तो काय शिकला असता? की पाच वेळा ओरडून भागत नसेल तर दहा वेळा ओरडावे. बाई टिकल्या. श्रेय माझे नाही, त्यांचे आहे. दुसऱ्या आठवड्यात एकोणीस, तिसऱ्यात अकरा, चौथ्यात सहा.

हे आकडे मी पाठ म्हणतो आहे कारण वहीत ते रोज लिहिलेले आहेत, आणि रोजची नोंद हा तिसरा भाग. आठवड्याच्या अखेरीस आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नव्हे, ते मत असते. दिवसाचे चार तुकडे केले: परिपाठ ते पहिली सुट्टी, तिथून खिचडी, खिचडी ते चार, चार ते शाळा सुटेपर्यंत. प्रत्येक तुकड्यापुढे दोन घरे. एका घरात ओरडण्याच्या रेघा, दुसऱ्यात खड्याच्या रेघा. एकतीस मुले सांभाळताना बाईंना एवढेच जमते. पहिल्या आठवड्यातला चार रकान्यांचा उद्योग कायमचा चालू ठेवायचा नसतो, कारण सापडेपर्यंतच. सकाळी एक मिनिट रघूशी बोलायचे: आज तुझ्या ओळी कोणत्या, खडा कुठे आहे. संध्याकाळी एक मिनिट वही त्यालाच दाखवायची. रेघा तो स्वतः मोजी, तोंडी गणित चांगले ना!

दोन्ही घरांतल्या रेघा एकत्र वाचायच्या असतात. ओरडणे कमी आणि खडा जास्त, तर योजना चालली आहे. दोन्ही कमी आणि वाचन पुढे सरकते आहे, तर फार छान. दोन्ही कमी आणि मुलगा नुसता गप्प, वहीही कोरी, तर काळजी करा; तो सुधारला नसून त्याने नाद सोडला आहे.

घरी काय कळवायचे, यावर आम्हाला पुन्हा अक्कल आली. आधी बाईंनी रेघांचा कागद घरी पाठवला. बापाला अक्षर येत नाही पण रेघा दिसतात. जास्त रेघा पाहून त्याने पोराला झोडपले. दुसऱ्या दिवशी रघू शाळेतच आला नाही. तेव्हापासून वाईट गोष्ट घरी जात नाही. ज्या तुकड्यात त्याने न ओरडता काम केले त्याची एक कवडी खिशात घालून तो घरी नेतो. तीन कवड्या झाल्या की संध्याकाळी बापाबरोबर ओढ्यावर खेकडे धरायला जायचे, असा बापाशी करार केला. नाही झाल्या तर जेवण, खेळ, काही तोडायचे नाही. उद्या पुन्हा शून्यापासून. बाप कधी कधी दोन कवड्यांवरही नेतो असे कळले. मी काही बोललो नाही.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. बाई दोन दिवस प्रशिक्षणाला गेल्या. दुसऱ्या गुरुजींना खड्याचे काही माहीत नव्हते, त्यांनी जुन्या पद्धतीने बाहेर काढले आणि एका दिवसात सात रेघा झाल्या. तेव्हापासून योजना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. गणपतीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात पुन्हा तेरा, मग पाच. सुट्टीनंतर असे वर जाते. ते अपयश नव्हे, पण दोन आठवड्यांतही खाली आले नाही तर पुन्हा चार रकान्यांची वही काढावी. चार-सहा आठवडे प्रामाणिकपणे करूनही रेघा हलल्या नाहीत तर आपला कारणाचा अंदाज चुकला असे समजावे. कदाचित मुलाला सुटका नको आहे, पोरांचे हसणे हवे आहे. मग खड्याचा उपयोग नाही, त्याला हसवण्याची हक्काची वेळ द्यावी लागेल. आणि कालपर्यंत शांत असलेले मूल अचानक बिथरले तर वही घालत बसू नका. घरात मारहाण, दारू, कोणाचा वाईट स्पर्श, नवा आजार, याची चौकशी आधी करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, ते फक्त दात आणि वजन पाहण्यासाठी नसते. ऐकणे, दिसणे, शिकण्यातल्या अडचणी हेही त्यांच्या यादीत आहे, आणि गरज असेल तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. त्यांच्यासमोर नुसते "मस्ती करतो" म्हणण्यापेक्षा ही वही ठेवा.

आता माझे मत स्पष्टच सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १६ व्या कलमाने प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि १७ व्या कलमाने मारणे व मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. हे सर्व शिक्षकांना ठाऊक आहे. नाव काढत नाहीत. रोज तासभर व्हरांड्यात काढतात. हे हप्त्याहप्त्याने शाळेतून काढणेच झाले, आणि ज्या मुलाचे वाचन कच्चे त्याचाच वाचनाचा तास जातो. पण छडी काढून घेतली आणि तिच्या जागी काय करायचे ते कोणी शिकवले नाही, ही शिक्षकांची तक्रारही खरी आहे. दोन वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती भरणे, निवडणुकीची कामे सांभाळून एका वेळी अशा एकाच मुलाची वही होऊ शकते, तिघांची नाही. केंद्राच्या शिक्षण परिषदेत कोऱ्या तक्त्यांवर दुपार घालवण्यापेक्षा एका खऱ्या मुलाची पाच दिवसांची वही सगळ्यांनी मिळून वाचावी. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला त्यासाठी बोलवावे.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यालाच हे नवे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले, पुढे कोसबाडला नेले. मुले शाळेत येत नाहीत तर ती त्या वेळी कुठे असतात हे त्यांनी आधी पाहिले. गुरे राखतात असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणावर नेली. आधी पाहायचे, मग ठरवायचे. आमच्या वहीत यापेक्षा वेगळे काही नाही.

रघू आता चौथीच्या धड्यातल्या चार ओळी तीन-चार मुलांच्या गटात वाचतो. जोडाक्षराला अजून थांबतो, खडा ठेवतो. गेल्या आठवड्यात तीन रेघा होत्या.

पण दिवाळी आली आहे. बापाने आवणीच्या आधीच मुकादमाकडून उचल घेतली होती. "डॉक्टर, पैसा खाल्लाय, जावंच लागंल," तो म्हणाला. रघूला आजीपाशी ठेवा असे बाईंनी परोपरीने सांगितले. आजीला दिसत नाही आणि बारकीला सांभाळायला भट्टीवर कोणी नाही. नव्वदच्या दशकात विधायक संसदेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवल्या होत्या. आता स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की भट्टीजवळच्या शाळेने मुलाला बसवून घ्यायचे असते. बाईंनी ते कार्ड भरले. त्यात नाव, वर्ग, जन्मतारीख यांची घरे आहेत. खड्यासाठी घर नाही.

म्हणून बाईंनी वहीचे पहिले पान स्वच्छ अक्षरात उतरवून कार्डाला टाचले आहे. त्यावर एवढेच आहे: उजव्या कानाने चांगले ऐकू येते, डावी बाजू भिंतीकडे ठेवून बसवावे. ओळीने वाचायला लावू नये, आदल्या दिवशी दोन ओळी द्याव्यात. लाल खडा पाटीवर ठेवला तर लगेच एक शब्द सांगावा. ओरडला तर बाहेर काढू नये. तोंडी गणित विचारावे.

खडा रघूच्या खिशात आहे.